ढुबुक नावाचं भूत

भुताच्या गोष्टीत भूत यायच्या आधी त्याचं नाव येतं, आणि घाबरवायचं निम्मं काम ते नावच उरकून टाकतं. 'खवीस' म्हणून बघा. सुरुवातीच्या ख मध्ये श्वास अडतो, वी हवी तेवढी ताणता येते आणि शेवटचा स सांगणारा माणूस दम संपेपर्यंत सोडत नाही. 'हडळ' म्हणताना जीभ टाळूकडे वळते ती ळ वरच रेंगाळते. वेताळ, समंध, ब्रह्मराक्षस, सगळी नावं अशीच लांबवण्याजोगी. कंदिलाच्या उजेडात ती लांबवणारं एक तरी माणूस माझ्या आजोळी घरटी असायचं. शिवाय प्रत्येक भुताला जागा नेमून दिलेली असायची आणि कामही. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, आणि चकवा रात्रीच्या वाटसरूला त्याच त्याच बांधावरून पहाटेपर्यंत फिरवत ठेवणारा.

मी ठाण्यात, पाचपाखाडीला राहते. बालवाडीत शिकवणं थांबवल्यापासून शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगते. सतरंजी अंथरून होते न होते तोच फर्माईश येते, "मावशी, भुताची!" आणि ज्याने फर्माईश केली तेच मूल सगळ्यात आधी सरकत सरकत माझ्या पदराशी येऊन बसतं. मुलांना भूत हवंच असतं, पण रात्री बाथरूमला एकटं जाता येईल इतपतच. खविसाला असं मापात बसवता येत नाही. गोष्ट कितीही गोड करून सांगितली तरी मुलं गोष्ट हॉलमध्ये ठेवून नाव तेवढं घरी नेतात, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एखादी आई सांगते की रात्रभर दिवा चालू ठेवावा लागला. मला असं भूत हवं होतं ज्याचं नाव ऐकताच मूल खुदकन हसेल आणि तरीही ते भूतच राहील. यातला दुसरा भाग अवघड आहे.

कारण नुसतं हसवणारं नाव सापडायला वेळ लागत नाही. पहिलं नाव 'भोपळेराव'. मुलं हसली, पण त्यांच्या डोळ्यांपुढे भोपळा आला, भूत आलंच नाही. एकाने विचारलं, "त्याची भाजी करतात का?" झालं. मग कोणाला भोपळ्याची भाजी आवडते, कोणाला नाही, कोणाची आजी त्याचे घारगे करते, यावर चर्चा रंगली आणि भूत बिचारं दाराबाहेर ताटकळत राहिलं. नावाला सरळ अर्थ असला की मूल त्या अर्थामागे पळतं. मग 'गुलगुल' आलं. त्यावर कोणी हसलंच नाही. ग आणि ल दोन्ही मऊ अक्षरं. मुलांना ते दुकानातलं कापूस भरलेलं खेळणं वाटलं, आणि खेळण्याला घाबरायचंच नसतं तर हसायचं कशाला? तिसऱ्या, 'फुसक्या'ने उलटा गोंधळ घातला. नाव तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, दोन मुलग्यांनी काखेत तळवा दाबून आवाज काढायला सुरुवात केली, बाकीच्यांनी साथ दिली आणि गोष्ट तिथेच बुडाली. तसं हसणं सुटलं की त्याला मध्ये थांबायला जागा नसते. मला हवी होती ती खुदखुद. ती दोन क्षण टिकते आणि लगेच "पुढे काय झालं?" म्हणते.

जे नाव टिकलं ते ढुबुक.

पाण्यात दगड टाकला की डुबुक असा आवाज येतो हे तलावपाळीला फिरायला जाणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. त्या ड चा ढ केला, एवढंच. पण तेवढ्याने दोन गोष्टी साधल्या. ढ जड आहे, छातीतून येतो. ढग, ढोल, ढिगारा या सगळ्यांचा तो ढ. भुताला लागतं तेवढं वजन त्याने दिलं. आणि दुसरी गोष्ट अशी की 'ढु' ऐकल्याबरोबर प्रत्येक मूल क्षणभर थबकतं. ढु ने सुरू होणारा एक शब्द त्याला पक्का माहीत असतो आणि तो मोठ्यांसमोर म्हणायचा नसतो हेही माहीत असतं. आता मावशी तो शब्द म्हणणार, म्हणून डोळे मोठे होतात, आणि येतं ते नुसतं 'बुक'. खुदखुद नेमकी त्या वळणावर सुटते. तो शब्दच थेट घातला असता तर फुसक्याचं झालं तेच झालं असतं. नाव त्या शब्दाच्या शेजारी उभं राहायला हवं, त्याच्यावर नाही. एका आजोबांना हे शेजारपणही खटकलं होतं. त्यांना मी शनिवारी येऊन मागच्या खुर्चीवर बसायची विनंती केली. ते आले, त्यांनी पूर्ण गोष्ट ऐकली, आणि आता नातवाला आणून सोडायला तेच येतात.

नाव कानाइतकंच तोंडाचंही असतं. मुलं गोष्ट ऐकताना सांगणाऱ्याच्या ओठांकडे बघत असतात, आणि पुढच्या रांगेतल्यांचे ओठ आपोआप तसेच हलत असतात. ढुबुक म्हणताना ऱ्हस्व उकाराला ओठांचा चंबू होतो, ब ला ओठ मिटतात, परत चंबू होतो आणि क ला आवाज पटकन तुटतो. समोर तेवढे चंबू एकदम झालेले दिसतात आणि मुलांना एकमेकांचे चंबू बघूनच अर्धं हसू येतं. खविसाच्या स सारखं याला लांबवता येत नाही. मुद्दाम घोगऱ्या आवाजात 'ढुबूऽऽऽक' केलं तर जास्तच हसतात, कारण घाबरवायची धडपड आणि ते नाव यांचं जमत नाही हे पाच वर्षांच्या मुलाला स्वच्छ दिसतं. शिवाय क च्या जागी त म्हणणारं मूल 'ढुबुत' म्हणालं तरी मजा तेवढीच राहते. ब्रह्मराक्षस म्हणताना मूल जोडाक्षरात अडकतं, आणि अडकलेलं मूल हसत नाही. ते इकडेतिकडे बघतं, आपल्याला जमलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं का ते.

गोष्ट अशी आहे.

मासुंदा तलावाच्या काठी, गोष्टीतल्या एका मोठ्या पिंपळावर एक भूत राहतं. (पहिल्या भागात मी त्याचं नाव घेतच नाही, 'ते' एवढंच म्हणते.) ते फार म्हणजे फार जुनं आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा ते पिंपळाच्या शेंड्यावर चढून बघत होतं. धूर सोडत, शिट्टी फुंकत गाडी आली. तिला तीन इंजिनं होती आणि त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. ते ऐकून भूत पानांत तोंड लपवून बसलं. म्हणालं, "लोखंडाच्या इंजिनांनासुद्धा सुलतान नाव, आणि मला?"

इथे मी थांबते आणि मुलांकडून 'सुलतान' म्हणवून घेते. छाती फुगवून, आवाज जाड करून. हलक्या नावाच्या आधी एक भारदस्त नाव मुलांच्या तोंडात घोळलेलं असलं की पुढचं काम सोपं होतं. मुलं कमालीच्या गांभीर्याने सुलतान म्हणतात.

तर भुतांचा एक नियम आहे. कोणी "कोण?" असं विचारलं की भुताने आपलं खरं नाव सांगायचं. खोटं सांगितलं तर वेताळ रागावतो. एका रात्री आपलं भूत कोणालातरी घाबरवायला निघालं. तिसऱ्या मजल्यावरच्या चिमीच्या खिडकीत जाऊन बसलं. पडदा हलवला. खिडकीच्या काचेवर नख ओढलं. चिमीने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं आणि बारीक आवाजात विचारलं, "को... कोण आहे?" भूत काहीच बोलेना. चिमीने परत विचारलं, "कोण?" आता सांगावंच लागणार होतं. भुताने मान खाली घातली आणि हळूच म्हणालं, "ढुबुक."

आधी पांघरूण हललं. मग पांघरुणातून फुसफुस आवाज आला. मग चिमी उठून बसली आणि पोट धरून हसायला लागली. "परत सांग ना," म्हणाली. ढुबुक खिडकीतून पडला तो सरळ खालच्या वॉचमनकाकांसमोर. त्यांनी टॉर्च मारला, "कौन है?" ढुबुकने नाव सांगितलं. काकांच्या तोंडातली शिट्टी हसून हसून इतकी वाजली की चौथ्या मजल्यापर्यंतचे दिवे लागले. मग ढुबुक रस्त्यावर गेला. रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने न बघताच विचारलं, "कोण? बोला!" ढुबुक म्हणाला, "ढुबुक." रिक्षावाला म्हणाला, "ढुबुकला नाही जात. लांब पडतं."

ठाण्यात वाढणाऱ्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. 'नाही जात' हे त्यांनी आईचा हात धरून स्टेशनबाहेर अनेकदा ऐकलेलं असतं.

अवमासेच्या रात्री वेताळाची पालखी निघते. पुढे दिवट्या, मागे सगळा भुतांचा मेळा. ढुबुक अर्ज घेऊन पालखीसमोर उभा राहिला: नाव बदलून मिळावे. वेताळाने अर्ज दिवटीजवळ धरला आणि मोठ्याने वाचू लागला. "अर्जदाराचं नाव... ढु..." वेताळाच्या मिशा हलल्या. त्याने खोकून पाहिलं, परत वाचलं, "ढुबु..." आणि वेताळ पालखीत आडवा झाला. खवीस ख ख ख करून हसला. हडळीची पावलं उलटी, त्यामुळे हसताना तिचा तोल गेला आणि ती मुंजावर पडली. शेवटी डोळे पुसत वेताळ म्हणाला, "नाव बदलून देतो रे बाबा. पण तुझं नाव दुसऱ्या कोणीतरी घ्यायला पाहिजे. नाव असं रिकामं ठेवता येत नाही." ढुबुकने सगळ्यांकडे पाहिलं. खवीस म्हणाला, "मी घेतलं तर मला कोण घाबरेल?" गिऱ्हा पाण्यात शिरला. मुंजा पिंपळावर चढून पानांआड झाला. ढुबुक तसाच घरी आला.

मग पावसाळा आला. एका रात्री धो धो पाऊस पडत होता आणि लाइट गेली. चिमीचा छोटा भाऊ चेंडू आणायला खाली गेला होता, तो जिन्यातच अडकला. वर अंधार, खाली अंधार. त्याला पुढची पायरी दिसेना. जिन्याच्या खिडकीत पावसाला कंटाळून ढुबुक बसला होता. त्याने श्वास घेतला. भाऊने तो ऐकला. रडायच्या बेतात येऊन त्याने विचारलं, "कोण?"

इथे मी तोंड मिटून घेते. आतापर्यंत नाव बऱ्याच वेळा येऊन गेलेलं असतं, आणि नियमही ठाऊक झालेला असतो. एक श्वास, दोन श्वास, आणि हॉलमधली मुलं स्वतःच सांगतात. नेहमी गंमत अशी होते की आत्तापर्यंत ओरडून ओरडून ढुबुक म्हणणारी मुलं इथे कुजबुजत सांगतात. मी तसं कधी शिकवलं नाही. जिन्यातल्या मुलाला दचकवायचं नाही हे त्यांचं त्यांनाच कळतं.

भाऊ गप्प झाला. मग त्याला उचकी लागली. मग ती उचकी हसण्यासारखी वाजली. "परत सांग." "ढुबुक." भाऊने एक पायरी चढली. "परत?" "ढुबुक." दुसरी पायरी. असा एकेक ढुबुक, एकेक पायरी, करत तो दारापर्यंत पोचला. आईने मेणबत्ती घेऊन दार उघडलं. "कोणाशी बोलत होतास रे?" भाऊने सांगितलं. आईने ओठ दाबून धरले, पण मेणबत्तीची ज्योत थरथरायला लागली. दुसऱ्या दिवशी ढुबुक वेताळाकडे गेला आणि अर्ज परत मागितला. वेताळाने दिला नाही. म्हणाला, "तो राहू दे माझ्याकडे. कधी उदास वाटलं की काढून वाचतो."

पायऱ्या चढायचा भाग मी दर वेळी कमीजास्त करते. मुलं दमलेली असली तर पाच-सहा पायऱ्यांत दार येतं. ताजीतवानी असली तर भाऊ दोन मजले चढतो, मध्ये चेंडू निसटतो, तो ढुबुक ढुबुक करत खाली जातो आणि सगळं पहिल्यापासून. प्रत्येक पायरीचा ढुबुक वेगळा म्हणायचा असतो: नाक दाबून, कंटाळून, घाईत, जांभई देत. एकाच सुरात म्हटलं की चौथ्या-पाचव्या पायरीला हसू आटतं. नाव तेच, फक्त ते म्हणणाऱ्याची तऱ्हा बदलायची, म्हणजे मुलांना पुढचा ढुबुक कसा येणार याची उत्सुकता राहते.

हॉलमधला दिवा मी पूर्ण बंद करत नाही. दोन ट्यूबलाइटपैकी एक बंद, पडदे ओढलेले, एवढा अंधार पुरतो. आणि मी खुर्चीवर बसत नाही. खुर्चीवरून आवाज वरून पडतो आणि लहान मुलांना तो मोठा वाटतो. सतरंजीवर त्यांच्याच उंचीला बसलं की पडदा हलवणारं भूतही फार मोठं होत नाही.

हसण्याचे दोन प्रकार ओळखता यायला हवेत, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात. ज्याला खरंच मजा वाटते ते मूल पुढे झुकतं आणि लगेच शेजारच्याकडे बघतं, तोही हसतोय ना ते तपासतं. त्याचे खांदे सैल असतात. भीतीने हसणारं मूलही हसतं, उलट जास्त वरच्या पट्टीत हसतं, पण खांदे कानांकडे गेलेले असतात आणि मुठीत फ्रॉकचा किंवा शर्टाचा काठ असतो. नजर शेजाऱ्याकडे जात नाही, दाराकडे जाते. बाकीच्यांचं हसू संपलं तरी त्याचं थांबत नाही. एक मुलगी अशी होती. पहिल्या शनिवारी ती सगळ्यांत जास्त हसली, आणि तिच्या आईला वाटलं की तिला गोष्ट फार आवडली. पण फ्रॉकची लेस तिने बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. अशा मुलाला "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, उलट सगळ्यांसमोर ते उघडं पडतं. मी तिला पुढच्या वेळी काम दिलं. टॉर्च तिच्या हातात, आणि "कोण?" विचारायचं तेही तिनेच. भुताचं नाव बाहेर कधी येणार हे आता तिच्या हातात होतं. पहिल्यांदा तिने इतक्या घाईने "कोण?" विचारलं की पडदा हलायच्या आधीच ढुबुक सापडला. पुढच्या खेपेला ती मुद्दाम थांबली. मला, सगळ्यांना वाट बघायला लावली, आणि मग टॉर्च माझ्या तोंडावर धरून विचारलं. तेव्हा तिची लेस मोकळी होती.

चार वर्षांच्या आतली भावंडं कधीकधी बरोबर येतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट नाही. ढुबुक हा आवाज त्यांना आवडतो, ती टाळ्याही वाजवतात, पण भूत म्हणजे घाबरायचं असतं हेच अजून कळलेलं नसतं, त्यामुळे भुताचं असं नाव का, हा प्रश्न त्यांना पडत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलाला माहीत होतं की भुतांची नावं दणदणीत असतात, आणि मगच हे नाव चुकीच्या माणसाला मिळाल्यासारखं वाटून मजा येते. दुसऱ्या टोकाला आठ वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, हे बाळांचं भूत आहे." त्याला येऊरच्या रस्त्यावरच्या गोष्टी हव्या होत्या, खऱ्याखुऱ्या, मित्राच्या दादाने पाहिलेल्या. त्याचं बरोबरच आहे. त्याला मी वॉचमनकाकांचं काम देते आणि तो ते मन लावून करतो.

एक प्रश्न हटकून येतो: "ढुबुक मेला कसा?" जुन्या समजुतीत मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. ते मी या वयाच्या मुलांना सांगत नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणाचे आजोबा गेल्या महिन्यात गेलेले असतात, आणि गेलेला माणूस परत येत नाही हे या वयात पुरतं उमगलेलं नसतं. ते मूल मग रात्री पिंपळाकडे बघत बसेल. मी सांगते की ढुबुक मेलाबिला नाही, तो भूत म्हणूनच जन्मला, त्याची आईही भूत, बाबाही भूत. एवढं मुलांना पुरतं. ती लगेच विचारतात की त्याला भाऊ आहे का.

नावाचा एक धोका मात्र मोठा आहे. ते गोष्टीतून सुटून एखाद्या मुलाला चिकटतं. आमच्याकडे एक गुबगुबीत मुलगा आहे. पुढच्या आठवड्यात खालच्या मैदानात बाकीचे त्याला ढुबुक म्हणू लागले, आणि तो खेळायला उतरेना. हसवणाऱ्या नावांची ही नेहमीची वाट. म्हणूनच ढब्बू, टकलू अशी शरीरावरून पडणारी नावं मी कधीच घेत नाही, आणि ऐकायला मजेशीर वाटणारी खरी आडनावंही नाही. ती कोणाच्या तरी घराची असतात. ढुबुकमध्ये यातलं काही नव्हतं, तरी मुलांनी त्यात जाडी शोधलीच. नाव घेऊ नका म्हणून बजावलं असतं तर ते जास्तच पक्कं झालं असतं. त्या शनिवारी मी जाहीर केलं की भुतांच्या मेळ्यात शिरायचं तर प्रत्येकाला भुताचं नाव लागतं, आणि ते स्वतःच निवडायचं. नाव दोन-तीन अक्षरांचं हवं, अर्थ नसलेलं हवं आणि शेवटी तुटणारं हवं. एकजण टुपुक झाला, एकजण झुबाक, लेसवाली मुलगी खुटुप. गुबगुबीत मुलाने पुष्कळ विचार करून 'सुलतान' घेतलं. नियमात बसत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही. त्यानंतर मैदानात हाका ऐकू यायच्या त्या टुपुक, झुबाक आणि सुलतान अशाच.

सध्या मुलांचा वाद ढुबुकच्या आईच्या नावावरून चालला आहे. 'ढुबाबाई' पहिल्याच फेरीत बाद झालं, कारण ते कोणाच्याही आजीचं असू शकतं, असं सात वर्षांच्या टुपुकचं म्हणणं. 'पुढुक' पुष्कळांना आवडलं, पण म्हणून पाहिलं तर ढ मध्ये अडकल्यावर हसू येतच नाही, हे त्यांनी आपणहून शोधून काढलं. खुटुपने 'धबाक' सुचवलंय. ती म्हणते आई मोठी असते, तर तिचा आवाजही मोठा पडणार. तिचं मला पटतं. या शनिवारी दोन्ही नावं जिन्यावर चढवून पाहायची आहेत, ज्याला जास्त पायऱ्या हसू टिकेल ते नाव ठेवायचं, असं ठरलं आहे.